‘सर्व्हर डाऊन’ म्हणू नका, ७ तारीख द्या

*आमचा कुंडईला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा लहान कारखाना आहे. मी तिथे अकाउंट्स आणि पगार बघते. आम्ही ४६ जण आहोत. दर १ तारखेला पगार पडतो, आजवर चुकलेला नाही. यंदा ऑगस्टचा पगार १०,१२,००० रुपये आहे आणि खात्यात फक्त ४,३०,००० आहेत. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं १४ लाखांचं बिल अडकलंय. आमच्या बिलातले नग आणि त्यांच्याकडे जमा झालेले नग जुळत नाहीत. त्यांचं पेमेंट गुरुवारी सुटतं. शेठ म्हणतात, “बँकेचा सर्व्हर डाऊन आहे असं सांग, दोन-चार दिवसांत येईल म्हण.” माझं मन घेत नाही. परवा १ तारीख, आणि चवथ १४ सप्टेंबरला. लोकांना काय सांगू? उत्तर तातडीने हवंय.*
*— एक अकाउंटंट, कुंडई*

ताई, सर्व्हरचं नाव घेऊ नका. खोटं बोलणं वाईट, हे तर आहेच. पण हे खोटं दुपारपर्यंतही टिकणार नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालू असतं, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा दर अर्ध्या तासाला पैसे सुटतात. तुमच्या शेजारच्या शेडमधल्या माणसाचा पगार त्याच बँकेतून १ तारखेला पडलेला असेल आणि तो तुमच्या ऑपरेटरसोबत एकाच कदंब बसमधून फोंड्याला उतरेल. त्यानंतर तुम्ही खरं कारण सांगितलंत तरी त्याला ‘आता सुचलेलं कारण’ म्हणतील. शिवाय कधी खरोखरच बँकेची फाईल अडकली तर सांगायला तुमच्याकडे शब्दच उरणार नाहीत.

‘दोन-चार दिवसांत’ हे त्याहून घातक आहे. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या काही वर्षांत एका कारखान्यात असाच प्रसंग आला होता. आम्ही सोमवार म्हणालो. सोमवारी पैसे आले नाहीत, म्हणून बुधवार म्हणालो. मग शुक्रवार. पगार अखेर १२ तारखेला झाला. पॅकिंगमधली एक वयस्कर बाई माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बारा तारीख पहिल्याच दिवशी सांगितली असती तर मी पतसंस्थेतून घेतले असते. तुम्ही सोमवार म्हणालात म्हणून थांबले, आणि शेवटी व्याजाने काढावे लागले.” पगार उशिरा झाल्याचा राग तिच्या बोलण्यात नव्हता. आम्ही दिलेल्या तारखेवर तिने घर चालवलं होतं, ते तिला खुपत होतं. ती मला आजही आठवते. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर ‘कसं सांगू’ इथून सुरू करत नाही, ‘कोणती तारीख’ इथून सुरू करतो.

एक तारीख हा तुमच्या कारखान्याचा रिवाज आहे, आणि सात तारीख हा कायदा आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची सात तारीख संपायच्या आत द्यावा लागतो. आधीच्या १९३६ च्या कायद्यातही तुमच्याएवढ्या कारखान्याला हीच मुदत होती. त्यामुळे १ ते ७ मध्ये पगार देणं म्हणजे रिवाज मोडणं, आणि त्यासाठी माफी मागून कारण सांगायचं असतं. ७ च्या पुढे गेलात तर तो कायद्याचा भंग आहे. काही ठिकाणी लोकांकडून ‘उशिरा पगाराला आमची हरकत नाही’ अशा कागदावर सह्या घेतात. शेठना कुणी तसं सुचवलं तर नको म्हणा. अशा सहीने मुदत पुढे जात नाही, आणि माणूस कायमचा दुखावतो.

आता कॅलेंडर उघडा. गिऱ्हाइकाचे गुरुवार येतात ३ आणि १० सप्टेंबरला. नगांचा फरक अजून मिटलेला नाही, तेव्हा ३ तारखेचं पेमेंट धरू नका. तुम्ही उद्या फरकाच्या रकमेची क्रेडिट नोट दिलीत तरी त्यांच्या स्टोअर्सने ती पाहायची, अकाउंट्सने नोंद करायची, मग कुणीतरी मंजुरी द्यायची. दोन दिवसांत हे होईल असं फक्त माल विकणारा म्हणतो, पैसे देणारा म्हणत नाही. खरा धरायचा गुरुवार म्हणजे १० तारीख. तो चुकला तर ११ ला शुक्रवार, १२ ला दुसरा शनिवार म्हणून बँक बंद, १३ ला रविवार आणि १४ ला चवथ. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर पगाराची तारीख टांगली तर एका दिवसाच्या चुकीने लोक माटोळीचा बाजार रिकाम्या हाताने करतील. म्हणून लोकांना द्यायची तारीख गिऱ्हाइकाच्या तारखेवरून काढायचीच नाही. ती सोमवार, ७ सप्टेंबर ठेवायची, आणि त्या दिवसासाठी कमी पडणारे पैसे दुसरीकडून उभे करायचे.

कुठून? हा भाग शेठचा आहे, पण उद्या सकाळी कागदावर आकडे मांडून तुम्हीच त्यांच्यासमोर ठेवा. शेठच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर एफडी असेल तर तिच्यावरचं कर्ज हा सगळ्यांत जलद रस्ता. स्वतःच्याच बँकेत ते बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतं, एफडी मोडावी लागत नाही आणि आठ-दहा दिवसांचं व्याज किरकोळ असतं. ते पैसे शेठने कारखान्याला उसने दिले अशी नोंद करायची आणि बिल आलं की परत घ्यायचे. दुसरा रस्ता म्हणजे कॅश क्रेडिटवर काही दिवसांपुरती जादा मर्यादा मागणं. त्यासाठी ऑगस्टअखेरचं स्टॉक स्टेटमेंट आणि येणी-देण्यांची यादी लागेल. शाखेने वर पाठवलं तर दोन-तीन दिवस जातात, म्हणून अर्ज उद्याच गेला पाहिजे. दोन्ही एकदमच सुरू करा. एक अडलं तर दुसरं हाताशी राहील.

लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत फेडायचं बंधन गिऱ्हाइकावर आहे, आणि बिलं वटवून देणारे ऑनलाइन मंचही आहेत. हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. दोन्ही खरं आहे, पण त्यातून या सात दिवसांत पैसे हातात येत नाहीत. मंचावर नोंदणीलाच वेळ लागतो आणि गिऱ्हाइकालाही तिथे असावं लागतं. शिवाय नगांचा वाद असलेलं बिल कुणी वटवून देत नाही. तो विषय चवथीनंतर काढा.

खात्यातले ४,३०,००० मात्र ७ तारखेपर्यंत तसेच ठेवू नका. २ तारखेला प्रत्येकाला पगाराचा पहिला भाग द्या, आणि सगळ्यांना सारखी रक्कम द्या. टक्क्यांनी वाटलंत तर ४० टक्क्यांना ४,०४,८०० लागतील, म्हणजे खर्च जवळजवळ तेवढाच. पण चौदा हजार हातात येणाऱ्या हेल्परला ५,६०० मिळतील आणि पंचेचाळीस हजारांच्या सुपरवायझरला १८,०००. हेल्परचं घरभाडं तरी त्यातून निघेल का? त्यापेक्षा सरसकट ९,००० रुपये द्या. ४६ जणांचे ४,१४,००० होतात. हेल्परला पगारातला मोठा हिस्सा लगेच मिळतो आणि सुपरवायझर पाच दिवस थांबू शकतो. सुपरवायझरांना हे आधी बाजूला घेऊन सांगा. बहुतेक जण समजून घेतात. न सांगता केलंत तर मात्र त्यांना अपमान वाटतो. शेठचा आणि त्यांच्या घरच्यांचा पगार या ४६ मध्ये असेल तर तो सगळ्यांत शेवटी काढायचा, आणि हे लोकांना कळू द्यायचं.

२ तारीखच का? ५ तारखेला लोकांचे गाडीचे आणि घराचे हप्ते बँकेतून आपोआप कापले जातात. हप्ता परत गेला की बँक दंड लावते, कर्ज देणाराही लावतो, आणि माणसाच्या नावावर डाग राहतो. तुमच्या स्वतःच्या कारखान्याचा एखादा मशीनचा हप्ताही ५ तारखेला त्याच खात्यातून जात असेल. तो जर पगारासाठी ठेवलेल्या रकमेतून गेला तर तुमचा सगळा हिशेब कोसळेल. आधी तेवढं तपासा. आणि ज्यांचा हप्ता ९,००० मध्ये बसत नाही अशांनी तुमच्याकडे एकेकट्याने यावं असं सांगा. असे पाच-सहा जण निघतील. पहिला भाग वाटून उरलेले १६,००० त्यांच्यासाठी राखा, आणखी लागतील ते शेठने आपल्या पदरचे घालावेत. त्यांची नावं कुठेही लिहून लावू नका. उशिरामुळे कुणाला बँकेचा दंड बसलाच तर तो कारखाना भरून देईल, एवढं शेठकडून कबूल करून घ्या. रक्कम लहान आहे, पण ऐकणाऱ्याला तिचा मोठा आधार वाटतो.

पहिला भाग पाठवताना बँकेच्या फाईलमध्ये शेरा `SAL AUG PART 1` असा टाका, म्हणजे लोकांच्या मोबाईलवर ते आगाऊ नाही, पगाराचाच भाग आहे, हे दिसेल. कापाकापी सगळी दुसऱ्या भागात करा. पगारपत्रक एकच निघेल, त्यात पूर्ण पगार, पीएफ आणि ईएसआय, आणि खाली दोन तारखांना दिलेल्या दोन रकमा. दोन भागांत पगार देण्याचा एक फायदाही आहे. ज्यांनी खातं बदललं किंवा ज्यांच्या शाखेचा आयएफएससी बदलला त्यांची रक्कम २ तारखेला परत येईल आणि ७ च्या आधी दुरुस्त होईल. म्हणून ३ ला सकाळी परत आलेल्या रकमांची यादी काढायला विसरू नका.

लोकांचा पीएफ आणि ईएसआय १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पगारात तूट पडली की शेठची नजर त्या पैशाकडे जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. लोकांच्या पगारातून कापलेला पैसा लोकांचाच आहे, तिथे ठाम राहा. १४ ला चवथ आहे आणि बँका सलग बंद आहेत, तेव्हा १५ ची वाट न पाहता ११ लाच चलन भरून मोकळ्या व्हा.

आता सांगायचं कसं. शेठने स्वतः सांगायचं, तुम्ही नाही. तुम्ही सांगितलंत तर पुढचा आठवडाभर लोक तुमच्या टेबलाला घेराव घालतील आणि ज्याच्या हातात काही आहे तो केबिनमध्ये बसून राहील. उद्या, म्हणजे ३१ तारखेला, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे लोक एकत्र असतात. तेव्हा मशीन बंद करून शेडमध्ये दहा मिनिटं घ्या. त्याआधी सुपरवायझरांना वेगळं सांगा, म्हणजे लोकांनी प्रश्न विचारल्यावर त्यांना गप्प उभं राहावं लागणार नाही. मराठी-कोंकणीतून बोलून झालं की तेच हिंदीतून पुन्हा सांगायला लावा. तुमच्याकडे माल चढवणारी ओडिशा-झारखंडची मुलं असतील तर अर्धवट कळलेली गोष्ट त्यांच्यात भीती बनून फिरते. ती ठेकेदाराची माणसं असली तरी त्यांचा पगार थकला तर जबाबदारी शेवटी तुमच्या कारखान्यावर येते. ठेकेदाराचं बिल या तुटीत मागे ढकललं जाणार नाही, हेही बघा.

कारण किती सांगायचं? गिऱ्हाइकाचं नाव नको. बिलातले नग जुळत नाहीत हेही तसंच्या तसं सांगू नका. तुमच्या कारखान्यात मालासोबतचं चलन कोण लिहितो हे सगळ्यांना माहीत आहे. ते वाक्य शेठच्या तोंडून निघालं की पाच मिनिटांत डिस्पॅचमधला तो मुलगा ४६ जणांचा पगार अडवणारा ठरेल. चूक त्याची आहे की त्यांच्या स्टोअर्सची, हे अजून ठरलेलंही नाही. आणि तशी ती असली तरी एका बिलावर सगळ्यांचा पगार अवलंबून राहिला, याची जबाबदारी मालकाची आहे. ‘एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल कागदपत्रांच्या कामात अडकलंय’ एवढं पुरे, आणि ते खरं आहे.

बोलून झाल्यावर हेच कागदावर शेठच्या सहीने नोटीस बोर्डवर लावा आणि ग्रुपवर टाका. मसुदा देतो, आकडे तपासून घ्या.

> ३१ ऑगस्ट
>
> सर्व सहकाऱ्यांस,
>
> ऑगस्टचा पगार नेहमीप्रमाणे १ तारखेला होणार नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल कागदपत्रांच्या कामात अडकल्यामुळे खात्यात पूर्ण पगाराएवढे पैसे नाहीत. याबद्दल मी आपली माफी मागतो.
>
> बुधवार, २ सप्टेंबरला प्रत्येकाच्या खात्यात ९,००० रुपये जमा होतील. उरलेला पूर्ण पगार सोमवार, ७ सप्टेंबरला जमा होईल. ही तारीख त्या बिलावर अवलंबून नाही. त्यासाठीच्या पैशांची व्यवस्था मी स्वतः करत आहे.
>
> पीएफ आणि ईएसआय वेळेत भरले जातील. ज्यांचा कर्जाचा हप्ता ७ तारखेच्या आधी आहे त्यांनी उद्या दुपारपर्यंत अकाउंट्समध्ये भेटावं. उशिरामुळे बँकेने दंड लावला तर तो कारखाना भरून देईल.
>
> शनिवार, ५ सप्टेंबरला दुपारी १ वाजता पुढची माहिती याच जागी लावली जाईल.
>
> (सही)

‘ही तारीख त्या बिलावर अवलंबून नाही’ हे वाक्य तेव्हाच ठेवा जेव्हा शेठने एफडीच्या कर्जाला किंवा तशाच दुसऱ्या व्यवस्थेला खरोखर होकार दिला असेल. होकार नसेल तर ते वाक्य काढा, आणि ७ तारीखही लिहू नका. मग लिहायचं ते असं: “उरलेल्या पगाराची पक्की तारीख मी शनिवारी १ वाजेपर्यंत सांगेन.” लोकांना हे आवडणार नाही, पण त्यावर त्यांना आपली व्यवस्था करता येते. पक्की तारीख सांगता येत नसेल तेव्हा ती कधी सांगता येईल, तो दिवस तरी पक्का द्या.

शनिवारचा कागद काही घडलं नसलं तरी लावायचा. त्या दिवशी पहिला शनिवार आहे, बँका उघड्या आहेत, त्यामुळे दुपारपर्यंत सोमवारच्या पैशांचं चित्र तुम्हाला स्पष्ट असेल. व्यवस्था झाली असेल तर “सोमवारचा पगार ठरल्याप्रमाणे होईल” ही एक ओळ पुरे. झाली नसेल तर तेव्हाच, त्याच ठिकाणी, शेठने पुन्हा उभं राहून सांगायचं. सोमवारी संध्याकाळी लोक मोबाईल उघडझाक करत असताना नाही.

एक शक्यता शेठ उद्या बोलून दाखवतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ‘एवढं सगळं सांगितलं तर लोक घाबरून दुसरीकडे नोकरी शोधतील.’ कुणीतरी शोधेलही. पण मी पाहिलेल्या ठिकाणी जे गेले ते पगार सहा दिवस उशिरा झाला म्हणून गेले नाहीत. तिसरी तारीख चुकली तेव्हा गेले, आणि आधी चांगले ऑपरेटर गेले, कारण त्यांना काम कुठेही मिळतं.

शेठ यातल्या कशालाच तयार झाले नाहीत आणि ‘सर्व्हरच सांग’ यावर अडून बसले, तर तुम्ही एवढं म्हणा: “साहेब, पगाराला उशीर होतोय आणि नवीन तारीख तुम्ही सांगाल, एवढंच मी सांगेन. बँकेचं नाव मी घेणार नाही.” हे उद्या सकाळीच, दरवाजा लावून, शांतपणे सांगा. लोकांसमोर नको. आणि सोबत कागद न्या: १०,१२,००० मधून पहिला भाग ४,१४,००० गेला की ७ तारखेला ५,९८,००० लागतात. केबिनमध्ये ‘दहा लाखांचं संकट’ म्हणून फिरणारी गोष्ट सहा लाख, सात दिवस आणि एका एफडीच्या कर्जाएवढी होते. आकडा लहान दिसला की शेठ ऐकतील असं मला वाटतं.

७ तारखेचा पगार सकाळीच सोडा. फाईल रविवारी तयार ठेवा आणि मंजुरी देणारा माणूस सोमवारी गावात आहे ना, हे शनिवारीच विचारून घ्या. चवथीच्या आठवड्यात ज्याचा ओटीपी लागतो तो नेमका गावी निघून गेलेला असतो.